फ्रिक्वेन्सी सेपरेशन आठ महिने वापरल्यावर: त्वचेचा रेडियस वेगळा, डोळ्यांचा वेगळा

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या ऑर्डरपासून आषाढापर्यंत नवरीचे जवळजवळ सगळे मोठे फोटो मी फोटोशॉपमध्ये फ्रिक्वेन्सी सेपरेशन करून रिटच केले. त्याआधीची माझी पद्धत म्हणजे लेयरची कॉपी, त्यावर ब्लर, काळा मास्क आणि चेहऱ्यावर पांढरा ब्रश. नवरी मेणाची दिसायची. मग त्या मेणातून डोळे बाहेर काढायला अख्ख्या फोटोवर शार्पनिंग मारायचं, की जी रंध्रं मघाशी पुसली तीच अर्धवट वर यायची. म्हणजे स्वतःच सारवायचं आणि स्वतःच उकरायचं.

या पद्धतीत फोटोचे दोन थर होतात. खालच्या ‘लो’ थरात रंग आणि उजेड-सावली राहते. वरच्या ‘हाय’ थरात रंध्रं, लव, पापण्यांचे केस असा पोत राहतो. पुटकुळीची लाली खाली असते, तिचा उंचवटा वर. एकदा हे डोक्यात बसलं की त्वचा मऊ करण्यासाठी पोताला हातच लावावा लागत नाही. डाग खालच्या थरात मिसळायचा, वर रंध्रं जशीच्या तशी.

थर करायचे असे. मूळ लेयरच्या दोन कॉपी घ्या, वरची बंद करा आणि खालचीवर Gaussian Blur द्या. मग वरची चालू करून Image > Apply Image उघडा. Layer मध्ये ब्लर केलेली कॉपी निवडा, Blending ला Subtract, Scale 2, Offset 128. शेवटी त्या लेयरचा मोड Linear Light. हे आकडे 8 बिटच्या फाइलसाठी आहेत. 16 बिटला Blending ला Add, Invert वर टिक, Scale 2 आणि Offset 0. मी आता 16 बिटच वापरतो, कारण 8 बिटमध्ये फरक अर्धा करून साठवला जातो आणि गालावरच्या हलक्या छटांमध्ये पट्टे दिसण्याची भीती राहते.

पहिल्या आठवड्यात हाय लेयर सपाट राखाडी यायचा, काहीच दिसायचं नाही. पाऊण तास डोकं खाजवलं. Layer च्या खान्यात Merged तसंच राहिलं होतं, म्हणजे लेयर स्वतःतूनच स्वतःला वजा करत होता. आता काम सुरू करण्याआधी दोन्ही लेयरचा ग्रुप करतो आणि ग्रुपचा मोड क्षणभर Difference करून पाहतो. पडदा पूर्ण काळा झाला तर थर बरोबर. कुठे करडी रेघ दिसली तर परत पहिल्यापासून.

खरी गोम ब्लरच्या रेडियसमध्ये आहे. शिकवणारा प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, आणि आपापल्या फोटोपुरता प्रत्येकाचाच बरोबर असतो. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम. 85 मिमीच्या लेन्सने दीड मीटरवरून उभा फोटो काढला की 4000 पिक्सेलच्या रुंदीत साधारण 42 सेंमी मावतात. म्हणजे एका सेंमीला 95 पिक्सेल. रंध्रं एक ते तीन पिक्सेलची, पापणीचा केस जेमतेम एक पिक्सेल जाड. 8 चा रेडियस दिला की रंध्रं पूर्ण वर जातात आणि नाकाची, गालाची गोलाई खाली राहते.

पण दर वेळी अंतर कोण मोजणार? म्हणून मी बुबुळालाच मोजपट्टी केलं. माणसाचं बुबुळ पावणेबारा मिमीच्या आतबाहेर असतं, वयात आलेल्या माणसांत त्यात फारसा फरक पडत नाही. वरच्या फोटोत ते 110 पिक्सेल रुंद येतं. त्याला 14 ने भागलं की 8. नुसत्या चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये बुबुळ 250 पिक्सेल असेल तर 18. ग्रुप फोटोत ते 20 पिक्सेलचं असतं, तिथे उत्तर दीडच्या खाली येतं, आणि मग मी सेपरेशनच्या वाटेला जात नाही. हा 14 माझ्या अंदाजाचा आहे, कुठे छापलेला नाही, पण आठ महिन्यांत त्याने दगा दिलेला नाही.

त्वचेचं काम लो लेयरवर. लासोने डाग घेरायचा, Feather 20, आणि त्या निवडीवर 18 ते 25 चा गॉशियन ब्लर. हळदीनंतर कानाजवळ आणि केसांच्या मुळाशी जो पिवळेपणा उरतो तो यात फार सुरेख मिसळतो. लग्नाच्या सकाळच्या फोटोंसाठी तेवढ्यावरच ही पद्धत मला वसूल झाली.

त्याच जागी मी तोंडावरही आपटलो. फोटोशॉप निवडीच्या आत ब्लर करताना बाहेरचे रंगही ओढून घेतो. कपाळाच्या कडेला मुंडावळ्यांचे मोती असतात. लासो त्यांच्या फार जवळ नेला तर मोत्यांचा पांढरा कानशिलावर पसरतो आणि तिथे पावडर लावल्यासारखा धुरकट पट्टा दिसतो. गंमत म्हणजे वर रंध्रं शाबूत असल्यामुळे झूम करून पाहताना चूक लक्षातच येत नाही. फोटो 25 टक्क्यांवर आणून पाहिला की लगेच दिसते. म्हणून मोती, ओठांची कड, चंद्रकोर आणि काळ्या पार्श्वभूमीला लागलेली हनुवटी यांपासून लासो ब्लरच्या आकड्याच्या दुप्पट तरी लांब ठेवतो. उरलेली कड मिक्सर ब्रशने.

पुटकुळीचा उंचवटा मात्र हाय लेयरवरच काढावा लागतो. तिथे हीलिंग ब्रशचं Sample हे Current Layer वर ठेवा, नाहीतर रंगही सोबत येतो. (तीळ काढण्याआधी विचारा. मी एकदा विचारलं नाही आणि अल्बम पाहताना नवरीच्या आईने पहिला प्रश्न तोच केला.)

आता डोळे. पहिले दोन-तीन महिने मी इथे चुकत होतो. मला वाटलं, पोत तर वेगळा काढलाच आहे, मग हाय लेयरची आणखी एक कॉपी करू, काळा मास्क लावू आणि डोळ्यांवर पांढरा ब्रश फिरवू. झटक्यात काम. डोळे उठून दिसायचे खरे, पण कोरल्यासारखे. बुबुळाची कड शाईने गिरवल्यासारखी, पापणीच्या घड्या खोल, पांढऱ्या भागातल्या लाल शिरा रागावल्यासारख्या. एका नवरीच्या मावशीने तर “ही झोपली नव्हती का रात्री?” असं विचारलं. खरं तर छान झोपली होती ती.

कारण सरळ आहे, पण मला उशिरा कळलं. त्या हाय लेयरमध्ये एकापासून आठ पिक्सेलपर्यंतचं सगळं असतं. ते दुप्पट केलं की पापणीच्या केसाबरोबर घडी, शीर आणि काजळाची फिस्कटलेली कडही दुप्पट होते. डोळा धारदार वाटतो तो फक्त एक-दीड पिक्सेलच्या तपशिलामुळे. त्वचेसाठी 8 चा रेडियस बरोबर असला तरी डोळ्यांना तो फार जाड.

तेव्हापासून डोळ्यांचा थर वेगळा करतो. त्वचेचं काम संपलं की Ctrl+Alt+Shift+E ने सगळ्याचा मिळून एक लेयर, Ctrl+Shift+U ने त्याचा रंग काढायचा म्हणजे कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येत नाहीत, मग High Pass 1.2, मोड Linear Light आणि ओपॅसिटी 40 ते 50. Alt दाबून मास्कच्या बटणावर क्लिक केलं की काळा मास्क मिळतो. ब्रश मऊ, फ्लो 25. जोर हवा तिथे दोन-तीनदा फिरवायचा.

मास्कमध्ये कुठे पांढरं करायचं, हे सेटिंगपेक्षा महत्त्वाचं. बुबुळातल्या रेषांचं वर्तुळ पूर्ण. वरच्या पापणीची कड आणि केस पूर्ण. खालच्या पापणीचे केस निम्म्या जोराने, भुवया त्याहून कमी. डोळ्याचा पांढरा भाग, डोळ्याखालची त्वचा आणि काळी बाहुली यांना अजिबात नाही. बाहुलीत तपशील नसतोच, तिथे शार्पनिंग फक्त नॉइज वाढवतं. मास्क कसा झाला हे पाहायला \ ही की दाबा, रंगवलेल्या जागा आणि झाकलेल्या जागा लाल पडद्यात वेगळ्या दिसतात. मला दर वेळी एक-दोन फटकारे पांढऱ्या भागात गेलेले सापडतातच.

चेहरा वळलेला असेल तर लांबचा डोळा मी जवळच्याच्या एक तृतीयांश जोरानेच करतो. दोन्ही सारखे केले की चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

हे सगळं 12 बाय 18 इंचाच्या अल्बमच्या पानासाठी. तोच फोटो 1080 पिक्सेल रुंद करून मोबाइलवर पाठवला की बुबुळ 30 पिक्सेलचं उरतं आणि 1.2 ची धार त्यात विरून जाते. मोबाइलसाठी आधी आकार लहान करतो, मास्कही आपोआप लहान होतो, मग High Pass नव्याने 0.5 वर. धार 100 टक्के झूमवरच तपासा. सुरुवातीला मी 200 वर बसायचो आणि सगळंच जास्त व्हायचं.

वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला एका फोटोला 25 मिनिटं लागायची, आता आठ-नऊ. तेवढीही सगळ्या फोटोंना परवडत नाहीत. अल्बममधल्या दहा-बारा फोटोंना देतो, बाकीच्यांना साधं शार्पनिंग. शेजारच्या स्टुडिओत जिम्पवर काम चालतं. तिथे Grain extract आणि Grain merge या मोडने हेच होतं, बुबुळाचा हिशोबही तोच चालतो.

एका ठिकाणी मात्र हे सगळं थिटं पडतं. वैशाखातल्या एका लग्नात नवरीचा अप्रतिम फोटो मिळाला, किंचित खाली पाहत हसणारा. लेन्स f/1.8 वर होती. दीड मीटरवर तेवढ्या ॲपर्चरला फोकसची खोली सगळी मिळून साडेतीन सेंमीच्या आतच असते, आणि फोकस बसला होता नथीवर. नथीचा मोती न मोती मोजून घ्यावा असा. डोळे मागे, किंचित मऊ. मी High Pass 1.2 दिला, 2 दिला, 3 दिला, काही केल्या धार येईना. शेवटी नुसता हाय लेयर उघडून पाहिला. नथीच्या जागी प्रत्येक मोत्याची कड कोरीव दिसत होती. पापण्यांच्या जागी केसांच्या रेघा नव्हत्याच, गुळगुळीत राखाडी. जे आलंच नाही ते वाढवणार कुठून?

आता कोणत्याही फोटोला हात लावण्याआधी तो राखाडी लेयर एकटा उघडून पापण्यांच्या रेघा शोधतो. दिसल्या तरच पुढचं. नथीवाला फोटो मी पानभर लावला नाही. 5 बाय 7 इंचात लावला, तेवढ्यात डोळे चालून गेले, आणि घरच्यांना त्यात नथच सगळ्यात आवडली.