लेक दत्तक आली, बातमी कशी द्यायची: तीन कॅप्शन्स लिहिली, त्यातलं एक ठेवलं

ज्यांच्या घरी मूल आलंय किंवा येणार आहे आणि मोबाईल हातात घेऊन काय लिहू काय नको असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारा, होम स्टडी, रेफरल हे सगळं तुम्हाला माहितीच असणार, त्यात जात नाही. फक्त कॅप्शनबद्दल बोलतो, कारण आम्ही ठाण्यात घरी बसून तीन ड्राफ्ट केले होते आणि त्यातल्या एकाने आम्हाला चांगलाच त्रास दिला.

पहिलं लांबलचक. वाट किती वर्षं बघितली, फोन आला तेव्हा बायको कुठे होती, कुठल्या गावच्या संस्थेतून आणली, किती महिन्यांची आहे, संस्थेत कशी आली, सगळं. लिहिताना मी रडलो होतो, आजही वाचलं तर रडेन. दुसरं एकदम झाकलेलं: "आमच्या घरी लक्ष्मी आली, आशीर्वाद असू द्या." बस. तिसरं या दोघांच्या मधलं, ते पुढे देतो.

झाकलेल्याबद्दल आधी, कारण ते पटकन संपतं. ते खोटं नाही, पण वाचणारा ते पूर्ण करतो. आम्ही ते कुठे टाकलंच नव्हतं, सासूबाईंनी फक्त सोसायटीतल्या दोघींना तेवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये बायकोला प्रश्न, अगं डिलिव्हरी कधी झाली, माहेरी होतीस का. आता तिथे खोटं बोला किंवा लिफ्टमध्ये उभं राहून सगळं उलगडून सांगा. शिवाय जी गोष्ट आपण आज लपवतो ती मुलीला पुढे लपवण्यासारखीच वाटते. काही घरांत मोठ्यांमुळे हेच करावं लागतं, त्यांना नावं ठेवणार नाही, पण आम्हाला 'दत्तक' हा शब्द घरात पहिल्या दिवसापासून सहज यायला हवा होता.

आता लांबवाल्याचं. ते मी फक्त फॅमिली ग्रुपवर टाकलं, सगळी आपलीच माणसं म्हणून. सोबत संस्थेच्या पायरीवरचा फोटो. मुलगी तेव्हा घरी आली होती, पण दत्तकपूर्व संगोपनात, कलेक्टरांची ऑर्डर यायची होती. (सप्टेंबर 2022 पासून ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि अर्ज गेल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे.) म्हणजे मी तो फोटो टाकायलाच नको होता. शिवाय त्यात मागे संस्थेची पाटी स्पष्ट वाचता येत होती आणि दारात दुसरी दोन मुलं उभी होती. ती मुलं कोणाची तरी वाट बघतायत आणि मी त्यांचे चेहरे चाळीस जणांना पाठवले. बाल न्याय कायद्याचं कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करण्याविरुद्धच आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संध्याकाळी लक्षात आलं तसं 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं. पण पुढे फॉरवर्ड झालेलं त्याने जात नाही.

आणि मग ते झालं ज्यामुळे माझं ठरलं. दीडेक महिन्यानी खाली बागेत मुलीला झोक्यावर बसवलं होतं. एक काकू आल्या, मायेनेच आल्या, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "तू अमुक गावची ना गं, बिचारी, नशीब काढलंस बाई." गावाचं नाव इथेही लिहीत नाही. त्या काकू आमच्या ग्रुपवर नाहीत, त्यांना मी कधी काही सांगितलं नव्हतं. मुलीला शब्द कळत नव्हते पण ते नाव ऐकून तिने मान वळवली. संस्थेतल्या मावश्यांच्या तोंडून तिने ते ऐकलेलं असणार. मी काही बोललो नाही, तिला उचलून वर आलो.

मला रागापेक्षा वाईट वाटलं ते याचं, की तिची गोष्ट तिच्याआधी बागेत पोचली. पुढे दहा-बारा वर्षांची झाल्यावर हे तिने आमच्याकडून ऐकायचं होतं, तिला झेपेल तेवढं, तिला हवं तेव्हा. आता शाळेच्या बसमध्ये कोणीतरी आधी सांगेल ही भीती कायमची. लांब कॅप्शनमधली प्रत्येक ओळ मनापासून होती, पण त्यातली निम्मी माझी नव्हतीच. वाट बघणं माझं, रडणं माझं, फोन येणं माझं. गाव, वय, जन्मदाते, संस्थेत कशी आली, हे तिचं.

माझं काय आणि तिचं काय ही वाटणी करून तिसरं लिहिलं आणि ऑर्डर हातात आल्यावर, काही दिवस जाऊ देऊन, टाकलं. जसंच्या तसं देतो, हवं तर घ्या:

"आम्ही आता तिघं झालोय! आमची लेक दत्तक प्रक्रियेतून आमच्या घरी आली आणि आता कायद्यानेही आमची झाली. खूप वाट बघितली, खूप रडलो, काल पेढे वाटले. तिची आधीची गोष्ट तिची आहे, कोणाला सांगायची ते ती मोठी झाली की ठरवेल, म्हणून ते आम्हाला विचारू नका. आशीर्वाद मात्र भरभरून द्या."

फोटो उपवन तलावाच्या कठड्यावरचा, पाठमोरा, तिची मूठ माझ्या बोटाभोवती. नाव नाही, वाढदिवस नाही, घरी आल्याची तारीख नाही. तारीख निरुपद्रवी वाटते, पण तारीख आणि वय एकत्र आलं की कोणीही वजाबाकी करतं. लोकेशन बंद करून टाकला.

यातही उणीव आहे. आत्या म्हणाली कोरडं वाटतं, आणि लांबवाल्याएवढं ते काळजाला भिडत नाही हे मला मान्य आहे. "विचारू नका" ही ओळ काहींना लागली, एका मित्राने दोन दिवस फोन केला नाही. तरीही प्रश्न येतातच, फक्त आता उत्तर तयार असतं: ते तिचं आहे, ती सांगेल. आणि "पुण्याचं काम केलंत" म्हणणाऱ्यांना बायको सांगते, आम्हाला आई-बाबा व्हायचं होतं, ते तिने केलं.

तुमचं मूल सात-आठ वर्षांचं असेल तर माझं कॅप्शन घेऊ नका, त्याच्याजवळ बसून लिहा. त्याला 'दत्तक' शब्द नको असेल तर तो काढा, फोटो नको असेल तर फोटो काढा. आणि लांब लिहायचंच असेल, कारण मन मोकळं करावंसं वाटतं ते मी समजू शकतो, तर वहीत लिहा. माझं लांबवालं मी तसंच्या तसं एका वहीत उतरवून कपाटात ठेवलंय, गावाच्या नावासकट, तिच्यासाठी.

आईने तिसरं कॅप्शन तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पाठवायच्या आधी मला विचारलं, आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: "नातीचं नाव घरी या म्हणजे सांगीन."