मलमलचं दुपटं की वेल्क्रोची पिशवी?

वडोदऱ्यात मे महिन्याचा उकाडा, वहिनीचं बाळ वीस दिवसांचं, आणि तिला पेच पडलेला: बाळाला गुंडाळायला आजीचं मलमलचं दुपटं की वेल्क्रोने बंद होणारी तयार पिशवी?

आधी खुबे. दुपट्यात सगळं हातावर असतं. आजी पाय सरळ ओढून घट्ट बांधायची, "म्हणजे पाय वाकडे होत नाहीत". चूक तिथेच होती, त्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो. छातीशी दोन बोटं जातील इतकं सैल ठेवा आणि कमरेखाली मोकळं सोडा. गुंडाळल्यावरही गुडघे बेडकासारखे वाकून बाजूला पडायला हवेत. पिशवी खाली रुंद असेल तर हे आपोआप जमतं, अरुंद असेल तर ती दुपट्याहून वाईट.

सुटण्याचं म्हणाल तर दुपटं हात झाडल्यावर सुटून तोंडावर येतं. पिशवी सुटत नाही, पण मोठ्या मापाची घेतली तर गळ्यावरून वर सरकते. उकाड्यात मलमलचा एकच पदर बरा. मानेला घाम आला तर तोही काढा.

दोन्हींत बाळ उताणंच झोपवायचं. कुशीवर वळायची धडपड दिसली, मग ते दोन महिन्यांचं का असेना, त्याच दिवसापासून गुंडाळणं बंद.

दिवसा, कुणी जागं असताना, दुपटं पुरे. रात्री सगळेच थकलेले असतील, तर मापाची, खाली रुंद, पातळ सुती पिशवी.