निकालाचा डॅशबोर्ड: उत्तीर्णांची टक्केवारी पाहावी की गुणांचे गट?

मुख्याध्यापकांसमोर निकाल मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक विषयाची आणि तुकडीची उत्तीर्ण टक्केवारी स्तंभालेखात दिसते. दुसरीत त्याच स्तंभाचे गुणांनुसार तुकडे पाडून त्यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. गूगल शीट्समध्ये दोन्ही होतात, वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही.

परळमधली एखादी शाळा धरू. दहावीची पूर्वपरीक्षा, विषय गणित, ८० गुणांपैकी उत्तीर्ण व्हायला २८. अ तुकडीत परीक्षेला बसलेल्या ५० पैकी ४४ जण पास, म्हणजे ८८ टक्के. ब तुकडीत ५० पैकी ४० पास, म्हणजे ८० टक्के. पहिली पद्धत एवढंच सांगते आणि ब तुकडीच्या शिक्षकांना जाब विचारला जातो.

आता गट पाहा. अ तुकडीत ५६ किंवा त्याहून जास्त गुण फक्त ६ जणांना आहेत आणि १६ मुलं २८ ते ३४ मध्ये, अगदी काठावर आहेत. ब तुकडीत ५६ च्या पुढे १४ जण आहेत, काठावर फक्त ५. शिवाय ब मधल्या १० नापासांपैकी ८ जणांना २० ते २७ गुण आहेत. अ मधले सहाही नापास २० च्या खाली आहेत. बोर्डाच्या परीक्षेसाठी मला अ तुकडीची काळजी जास्त वाटते, आणि ही गोष्ट टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

गैरहजेरीचा घोळ मात्र दोन्हीकडे होतो. समजा त्या दिवशी लोकल खोळंबली आणि अ तुकडीतले ४ जण पोचलेच नाहीत. ५४ च्या पटावर मोजलं तर ८८ चे जेमतेम ८१ टक्के होतात आणि ब शी असलेला फरक जवळपास संपतो. म्हणून टक्केवारीशेजारी पट आणि हजर, दोन्ही आकडे दिसलेच पाहिजेत. गैरहजर मुलापुढे शून्य लिहू नका, `AB` लिहा. A मध्ये तुकडी, B मध्ये विषय आणि C मध्ये गुण असतील, तर हे सूत्र `AB` वगळून मोजतं:

```
=COUNTIFS(A:A,"अ",B:B,"गणित",C:C,">=28")
/COUNTIFS(A:A,"अ",B:B,"गणित",C:C,">=0")
```

शून्य लिहिलं की तो मुलगा गुपचूप नापासांत जातो. हे ओळखायला नेमके शून्य गुण किती जणांना आहेत ते मोजा. एकाच तुकडीत तीन-चार शून्यं दिसली तर हजेरीपट उघडा.

विषयांची आपसातली तुलना दोन्ही पद्धतींत कच्चीच राहते, कारण मराठीची आणि गणिताची प्रश्नपत्रिका सारख्या काठिण्याची नसते. एकाच विषयात तुकड्या ताडून पाहणं जास्त भरवशाचं, तेही पेपर एकच असेल आणि तपासणी एकाच हाताची असेल तर.

माझं मत स्पष्ट आहे: संस्थेच्या बैठकीला टक्केवारी न्या, पण शिक्षकांसोबत बसताना गट उघडा. ब मधल्या त्या ८ आणि अ मधल्या १६ मुलांची नावं त्यातूनच मिळतात, आणि जादा तासाची यादी त्याच बैठकीत तयार होते.