बिल ४०,००० चं, हातात तेवढे नाहीत: किमान रक्कम, जमेल तेवढी की ईएमआय?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रकमेचा, आणि दुसरा 'मिनिमम ड्यू'चा, म्हणजे किमान भरायच्या रकमेचा. पूर्ण भरता येत असेल तर तुलनेचा प्रश्नच नाही. अडचण पैसे कमी असताना येते, आणि तेव्हा तो छोटा आकडा फार सोयीचा दिसतो.

एक उदाहरण घेऊ. १० जूनला कार्डावर ४०,००० चा फ्रिज घेतला. ५ जुलैला बिल आलं, भरायची तारीख २५ जुलै. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांचा दर याच्याच आसपास असतो. किमान रक्कम ५ टक्के धरली तर २,००० रुपये. काही बँका दोनच टक्के मागतात, आणि तिथे मुद्दल आणखी हळू फिटतं.

पहिला पर्याय, २,००० भरून मोकळं होणं. याचा फायदा खरा आहे: लेट फी लागत नाही आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकीची नोंद जात नाही. पण व्याज थांबत नाही. उरलेल्या ३८,००० वर ते २५ जुलैपासून लागेल असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १० जूनपासून, रोजच्या रोज मोजलं जातं. ५ ऑगस्टच्या बिलापर्यंत ५७ दिवस होतात. व्याज सुमारे २,४९२, त्यावर १८ टक्के जीएसटी ४४९, एकूण २,९४१. म्हणजे दोन हजार भरूनही पुढचं बिल ४०,९४१ चं!

बाकी अशी फुगत जाऊ नये म्हणून किमान रक्कम ठरवण्यावर रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. त्यामुळे बऱ्याच बँका पुढच्या बिलात व्याज आणि कर पूर्ण धरून वर मुद्दलाचे काही टक्के मागतात. आपल्या उदाहरणात ते २,९४१ अधिक १,९०० असे ४,८४१ होतील. खिशातून जवळजवळ पाच हजार जातील आणि मुद्दल घटेल १,९०० नेच.

याच काळात कार्ड वापरत राहिलात तर दुसरा फटका बसतो. ८ जुलैला भरलेल्या किराण्यावरही आता बिनव्याजी दिवस नाहीत. स्वाइप केल्या दिवसापासून मीटर सुरू. बिलात 'फायनान्स चार्जेस' ही ओळ दिसली की समजायचं, ही सवलत गेलेली आहे.

दुसरा पर्याय, जमेल तेवढं भरणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्याज भरलेली रक्कम वजा करून उरलेल्या बाकीवरच लावायचं असतं. म्हणून ३०,००० भरले तर त्याच ५७ दिवसांचं व्याज करासह साधारण ७७४ रुपये येतं. कुठे २,९४१ आणि कुठे ७७४. 'पूर्ण जमत नाही, मग किमानच भरू' हा विचार म्हणूनच सगळ्यात महाग पडतो. खात्यात पैसे ठेवून किमान रक्कम भरणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. बचत खात्यावर मिळणारं व्याज या ४२ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही.

तिसरा पर्याय, भरायच्या तारखेआधी रक्कम ईएमआयमध्ये बदलून घेणं. वर्षाला १६ टक्के दर मिळाला तर ४०,००० चे बारा हप्ते साधारण ३,६२९ चे होतात. वर्षभराचं व्याज जीएसटीसह ४,१९० च्या घरात, वर प्रोसेसिंग फी. किमान रकमेच्या वाटेवर पहिल्याच बिलात २,९४१ गेले होते, हे इथे लक्षात घ्या. हप्त्यासकट दर महिन्याचं बिल पूर्ण भरलं तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही टिकते. मात्र मुदतीआधी कर्ज बंद केल्यास बऱ्याच बँका शुल्क घेतात, आणि कार्डाची अडकलेली मर्यादा हप्ते फिटत जातील तसतशीच मोकळी होते.

माझं मत विचाराल तर उरलेले पैसे पुढच्या पगारात नक्की येणार असतील तर दुसरा पर्याय. तसं नसेल तर ईएमआय. किमान रक्कम फक्त तेव्हाच, जेव्हा आज खरोखर तेवढेच आहेत आणि ईएमआयची सोय मिळत नाही. तेव्हाही कार्ड बाजूला ठेवायचं आणि पैसे आले की तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी भरायचे, कारण व्याज दिवसावर मोजलं जातं.

दुसरा पर्याय घेणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावं. ५ ऑगस्टचं बिल २५ तारखेला पूर्ण भरलं तरी मधल्या १९ दिवसांचं १०,००० वरचं व्याज, करासह सुमारे २६० रुपये, सप्टेंबरच्या बिलात येईल. ती बँकेची चूक नसते.