छपाईची चूक की उत्तरच नसलेलं गणित? शिक्षकांना सांगण्याआधी कसं ठरवायचं

वर्कशीटवरचं गणित पुन्हा पुन्हा सोडवूनही जुळत नाही, तेव्हा बहुतेक मुलं म्हणतात, "प्रश्नच चुकलाय." पण या एका वाक्यात दोन वेगळ्या शक्यता असतात. छापताना एखादा आकडा बदललेला असू शकतो, किंवा दिलेल्या अटी एकाच वेळी खऱ्या होणंच अशक्य असतं. या दोन्हींसाठी पुरावा वेगळा लागतो आणि शिक्षकांना विचारायचा प्रश्नही वेगळा असतो. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या धड्यात बसतील अशी दोन गणितं शेजारी ठेवून पाहू.

गणित अ: आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरने जास्त आहे. क्षेत्रफळ 86 चौ. मी. आहे. अवयव पद्धतीने लांबी आणि रुंदी काढा. (मागे छापलेलं उत्तर: 12 मी., 7 मी.)

गणित ब: आयताची परिमिती 40 मी. आणि क्षेत्रफळ 104 चौ. मी. आहे. लांबी आणि रुंदी काढा. (उत्तर छापलेलं नाही.)

गणित अ मध्ये रुंदी x धरली तर x² + 5x − 86 = 0 हे समीकरण मिळतं. मधलं पद फोडायचं तर 86 चे असे दोन अवयव हवेत, ज्यांच्यात 5 चा फरक आहे. 86 च्या जोड्या दोनच: 1 आणि 86, 2 आणि 43. फरक येतात 85 आणि 41, म्हणजे अवयव पद्धत इथे चालत नाही. तरीही या गणिताला उत्तर आहे. विवेचक 369 येतो, तो धन आहे, आणि सूत्राने रुंदी सुमारे 7.1 मीटर निघते. अशी बाग जमिनीवर खरोखर आखता येईल. म्हणून "याला उत्तर नाही" असं शिक्षकांना सांगितलं तर ते चूक ठरेल.

छपाईची शंका इथे दोन गोष्टींवरून पक्की होते. मागचं उत्तर प्रश्नात घालून पाहा: 12 × 7 = 84, 86 नव्हे. आणि 84 घेतलं की विवेचक 361 होतो, म्हणजे 19 चा वर्ग, आणि अवयव लगेच पडतात. छापलेलं उत्तर आणि सांगितलेली पद्धत, दोन्ही एकाच आकड्याकडे बोट दाखवतात. यातला एकच धागा हाती असता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. नुसतं "उत्तर अवघड आलं" हा तर पुरावाच नाही. प्रश्नात "सूत्र वापरून" असं असेल, तर √369 हेच अपेक्षित असू शकतं.

गणित ब मध्ये लांबी आणि रुंदीची बेरीज 20, गुणाकार 104. समीकरण x² − 20x + 104 = 0, विवेचक 400 − 416 = −16. मुळं वास्तव नाहीत.

इथे एक फसवी जागा आहे. घाईत उणे चिन्ह सुटलं आणि √16 = 4 घेतलं, तर (20 ± 4) ÷ 2 वरून 12 आणि 8 असं छान उत्तर मिळतं. परिमिती तपासली तर 40 बरोबर येते आणि मूल निश्चिंत होतं. पण 12 × 8 = 96, 104 नव्हे. म्हणून ताळा करताना प्रश्नातली प्रत्येक अट तपासायला हवी, एक जुळली म्हणून थांबायचं नाही.

आपली आकडेमोड चुकलेली नाही याची खात्री करायला तीच रीत पुन्हा गिरवून फारसं साधत नाही, कारण तीच चूक पुन्हा होऊ शकते. वेगळ्या वाटेने जावं. परिमिती 40 असलेल्या आयतांत सगळ्यात मोठं क्षेत्रफळ चौरसाचं असतं: 10 × 10 = 100. मग 104 येणार कुठून? हा युक्तिवाद विवेचकावर अवलंबून नाही आणि एका ओळीत लिहिता येतो, म्हणून शिक्षकांना दाखवायला मला हाच जास्त आवडतो.

तर मग ब मध्येही छपाईची चूकच आहे का? असू शकते, पण कोणता आकडा चुकला हे आपल्याला सांगता येत नाही. परिमिती 42 केली तर 13 आणि 8 मिळतात. 60 केली तर 26 आणि 4. क्षेत्रफळ 100 केलं तर 10 आणि 10. तिन्ही बदल एकाच अंकाचे आहेत आणि तिन्हींनी गणित सुरेख सुटतं. मागे उत्तर नसताना यातला एक निवडणं म्हणजे निव्वळ अंदाज.

शिवाय तिसरी शक्यता उरतेच: शिक्षकांनी हे मुद्दाम दिलं असेल. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात असं गणित आहे: दोन मित्रांच्या वयांची बेरीज 20, चार वर्षांपूर्वी वयांचा गुणाकार 48, ही परिस्थिती शक्य आहे का? चार वर्षांपूर्वी बेरीज 12 होती, त्यामुळे गुणाकार 36 च्या वर जात नाही. "शक्य नाही" हेच तिथलं उत्तर. मात्र तिथे "शक्य आहे का" असं स्पष्ट विचारलेलं आहे. प्रश्नात "शक्य आहे का" किंवा "असल्यास" असे शब्द असतील, तर उकल नसणं हेच उत्तर समजून कारणासह लिहावं, कुणाला विचारण्याची गरज नाही. आपल्या गणित ब सारखं थेट "काढा" म्हटलं असेल, तर विचारावं.

या दोन्हींच्या आधी एक काम मात्र करायलाच हवं: प्रश्न वहीतून न वाचता मूळ कागदावरून पुन्हा वाचायचा. उतरवताना आकडे बदलतात, आणि फिकट झेरॉक्समध्ये उणे चिन्ह, दशांश चिन्ह किंवा वरचा छोटा 2 गायब होतो. मित्राकडची प्रत स्पष्ट असेल तर तिच्याशी ताडून पाहा.

आता सांगायचं कसं. गणित अ साठी आपण दुरुस्ती सुचवू शकतो:

"नमस्कार मॅडम. वर्कशीटच्या प्रश्न 4 मध्ये क्षेत्रफळ 86 छापलं आहे, पण मागचं उत्तर 12 आणि 7 घेतलं तर 84 येतं. 86 घेऊन अवयवही पडत नाहीत. तिथे 84 हवं आहे का? माझी मांडणी सोबत पाठवली आहे."

गणित ब साठी दुरुस्ती सुचवू नये. पुरावा द्यावा आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा:

"नमस्कार सर. प्रश्न 7 मध्ये परिमिती 40 आणि क्षेत्रफळ 104 दिलं आहे. परिमिती 40 असेल तर क्षेत्रफळ 100 च्या वर जात नाही, विवेचकही −16 येतो. असा आयत शक्य नाही हेच उत्तर लिहायचं आहे, की एखादा आकडा वेगळा आहे?"

दोन्ही निरोपांत प्रश्न क्रमांक आहे, छापलेला आकडा जसाच्या तसा आहे आणि शेवटी एकच नेमका प्रश्न आहे. शिक्षकांना वर्कशीट उघडून एका मिनिटात पडताळता येतं. नुसतं "प्रश्न 7 चुकलाय" असं कळवलं, तर त्यांना सगळं गणित पुन्हा सोडवायला बसावं लागतं. वर्गात सांगायचं असेल तर तास सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर वही घेऊन जाणं बरं. वर्कशीट त्याच दिवशी सगळ्यांना सोडवायचं असेल तर मात्र थांबू नये, हात वर करून लगेच विचारावं.

उत्तर येईपर्यंत वहीतली जागा कोरी ठेवू नका, आणि मागच्या 12 व 7 पर्यंत पोहोचायला मधली पायरी वाकवूही नका. अ मध्ये 86 घेऊन केलेली मांडणी तशीच ठेवा आणि खाली "क्षेत्रफळ 84 मानल्यास" असं लिहून पुन्हा सोडवा. ब मध्ये समीकरण, विवेचक आणि 100 चा युक्तिवाद लिहा. शिक्षकांनी उद्या परिमिती 42 असल्याचं सांगितलं, तरी नवीन समीकरण मांडायला दोनच ओळी लागतील.