पेटीवाला सोलर कुकर, इंदूरच्या गच्चीवर: थंडीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव आणि थोडं गणित

हिवाळ्याच्या सुरुवातीला घेतला होता, आता मे चाललाय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नेहमीचाच डबा आहे, बाहेरून फायबरचा, आत काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, मधे काचेची लोकर भरलेली, वर दोन काचांचं झाकण आणि झाकणाला आरसा, सोबत चार काळे डबे. काचेचं माप साधारण ५० बाय ५० सेंटीमीटर, म्हणजे पाव चौरस मीटर. हे माप लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो, वस्तू चांगली आहे पण डब्यावर जे "दोन तासात स्वयंपाक" लिहिलेलं असतं ते मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत अर्धा-एक तास वाढवून धरला तर खरं आणि डिसेंबरात आरशाशिवाय चक्क खोटं. डिसेंबरात आई रोज विचारायची, "अरे, ऊन एवढं लख्ख पडलंय मग भात असा टचटचीत कसा राहतो रे?" तिचं बरोबरच होतं, ऊन लख्ख दिसतं, पण ते तिरपं असतं. या प्रश्नापायीच मी मल्टिमीटर आणि त्याची तापमान मोजायची थर्मोकपल वायर घेऊन गच्चीवर जाऊन बसलो.

पहिली चाचणी रिकाम्या पेटीची. थर्मोकपलचं टोक ट्रेच्या मधोमध अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने चिकटवायचं, वायर झाकणाच्या कडेच्या रबरी गॅस्केटखालून बाहेर काढायची, आरसा झाकून ठेवायचा आणि दुपारी साडेबाराच्या आसपास आकडा चढायचा थांबेपर्यंत वाट बघायची. (आपल्याकडे सूर्य खरा माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, बाराला नाही, कारण घड्याळ इंदूरपेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशाचं आहे.) आकडा थांबतो तेव्हा आत येणारी उष्णता आणि बाहेर गळणारी उष्णता सारखी झालेली असते. त्यालाच स्टॅग्नेशन टेंपरेचर म्हणतात. ओव्हनचा डायलवाला थर्मामीटर यासाठी वापरू नका, तो आतल्या हवेचं तापमान दाखवतो आणि हवा ट्रेपेक्षा बरीच थंड असते.

आता हिशोब. स्वच्छ एप्रिलच्या दुपारी सपाट जमिनीवर साधारण ९०० वॅट दर चौरस मीटर ऊन पडतं. पाव चौरस मीटरवर २२५ वॅट. दोन्ही काचा मिळून जवळजवळ चौथा हिस्सा परतवतात किंवा गिळतात, काळा रंगही सगळं शोषत नाही, म्हणून ट्रेला मिळतात साधारण १५० वॅट. दुसऱ्या बाजूला गळती: ट्रे बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश गरम तितक्या अंशांना प्रत्येकी साधारण १.४ वॅट, आणि यातली बरीचशी गळती वरून, काचेतून होते. १५० ला १.४ ने भागलं की १०७ अंश आले. बाहेर ३४ असेल तर ट्रे जाईल १४०-१४२ पर्यंत, त्यापुढे नाही, मग पेटी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली तरी.

हीच गोष्ट भारतीय मानकात एका आकड्यात बांधलेली आहे, आयएस १३४२९ मध्ये, त्याला पहिला फिगर ऑफ मेरिट म्हणतात. ट्रे हवेपेक्षा किती अंश चढला त्याला उन्हाने भागायचं. ०.१२ किंवा त्याहून जास्त आला तर ए ग्रेड. माझ्या पेटीचा वरच्या हिशोबाने साधारण ०.१२ येतो. उलटं वापरायचं तर, T_stag म्हणजे स्टॅग्नेशन टेंपरेचर, Ta म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान, F1 म्हणजे हाच आकडा आणि H म्हणजे दर चौरस मीटर ऊन:

```
T_stag = Ta + F1 * H
```

दोन काचा कशासाठी हेही इथेच कळतं. एक काच काढली तर ऊन थोडं जास्त आत येईल, पण वरची गळती इतकी वाढेल की माझ्या अंदाजाने हा आकडा ०.०९ च्या खाली जाईल आणि तीच एप्रिलची दुपार १४० च्या ऐवजी ११०-११५ ला अडकेल. एक काचवाल्या स्वस्त पेट्या बाजारात आहेत, घेऊ नका.

पण रिकाम्या पेटीचं तापमान म्हणजे स्वयंपाक नव्हे. मी आमच्या नेहमीच्या वरण-भाताचा हिशोब केला, तांदूळ, डाळ, पाणी, सगळं मिळून दोन किलो, आणि सोयीसाठी ते सगळं पाणीच धरलं. तापायला लागणारा वेळ असा निघतो:

```
t = -(F1*M*C)/(F2*A) * ln(1 - (Tw - Ta)/(F1*H))
```

इथे अन्न सुरुवातीला हवेइतक्याच तापमानाला आहे असं धरलंय, t सेकंदांत येतो, Tw म्हणजे गाठायचं तापमान, A म्हणजे काचेचं क्षेत्रफळ, आणि M गुणिले C म्हणजे दोन किलोसाठी साधारण ८३७० ज्यूल दर अंश. F2 हा दुसरा फिगर ऑफ मेरिट. ट्रेमधली उष्णता डब्यात आणि डब्यातून पाण्यात किती नीट पोचते ते त्यात येतं, मानकात तो कमीत कमी ०.४० हवा. माझ्या पेटीचा उलट्या हिशोबाने तेवढाच निघतो. सूत्र न सोडवता आतलं चित्र बघायचं असेल तर असं बघा: २२५ वॅट ऊन पडतंय, पण थंड पाण्याला सुरुवातीला मिळतात त्यातले फक्त ९०, आणि पाणी ९५ अंशांवर पोचतं तेव्हा ३९. म्हणजे शेवटचे अंश सगळ्यात महाग, तिथेच वेळ जातो.

एप्रिल, ३४ अंश, ९०० वॅट, आरशाशिवाय: ९५ अंश गाठायला साधारण २ तास २० मिनिटं. अकराला लावलं की सव्वा-दीडपर्यंत ९५ ला पोचतं आणि पुढे शिजायला अर्धा-पाऊण तास धरा. प्रत्यक्षातही असंच होतंय, दहा-पंधरा मिनिटं इकडे तिकडे. मे महिन्यात बाहेरच ४१ असलं की तेच काम दोन तासांच्या जरा आत होतं.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. डिसेंबरच्या शेवटी इंदुरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४४ अंशच वर येतो. सपाट काचेवर ऊन पडतं जेमतेम ६५० वॅट, हवा २४ अंश. आरसा नसेल तर रिकामी पेटी १०२ च्या आसपास थांबते. मी मोजलं तेव्हा शंभरच्या जरा खालीच निघाली. आता बघा, ९५ अंश गाठायचे आहेत आणि मर्यादा १०२. सूत्र सांगतं साडेसहा तासांहून जास्त, आणि त्या दिवसांत इतका वेळ कडक ऊन असतंच कुठे, म्हणजे कधीच नाही. तोच आरसा उत्तरेच्या बाजूला उभा करून दक्षिणेकडे नीट लावला आणि त्याने ऊन एक तृतीयांशाने जरी वाढवलं, म्हणजे ८८० च्या आसपास नेलं, तर वेळ येतो ३ तास आणि थोडी मिनिटं. ऊन तिसऱ्या हिश्शाने वाढलं आणि वेळ निम्म्याहून कमी झाला. कारण गाठायचं तापमान मर्यादेच्या अगदी जवळ होतं, ते आता लांब गेलं. म्हणून थंडीत दर अर्ध्या तासाला पेटी सूर्याकडे फिरवायची, आरशाची सावली-चकाकी बघून त्याचा कोन बदलायचा, आणि डब्यात दोनऐवजी एक किलोच ठेवायचं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा आरशाचं एवढं कौतुक नाही, धूळ बसली तरी चालतं.

दुसरी गोष्ट मला आधी क्षुल्लक वाटत होती ती म्हणजे डब्याचं झाकण. दोन किलो ३४ वरून ९५ ला न्यायला लागतात साधारण ५१० किलोज्यूल. आणि नुसतं १०० ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं तर जातात २२५ किलोज्यूल. जवळजवळ निम्मा स्वयंपाक हवेत! ती वाफ जाऊन आतल्या काचेवर बसते, काच घामेजते, म्हणजे ऊनही अडतं. काचेला आतून थेंब दिसले की समजायचं डब्याचं झाकण सैल आहे, पाणी जास्त घातलंय, किंवा दोन्ही. आम्ही भाताला गॅसपेक्षा थोडं कमी पाणी घालतो आणि झाकणावर छोटा दगड ठेवतो, बायकोला तो दगड अजिबात आवडत नाही पण भात मोकळा होतो.

याउलट शेंगदाणे आणि रवा. त्यात पाणी नाही, मग ९५-९८ ची अडवणूकही नाही (इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पाणी इथे ९८ अंशाच्या आसपास उकळतं). शेंगदाणे एका थरात पसरले की थेट १२०-१३० पर्यंत जातात आणि करपल्याशिवाय इतके खमंग भाजले जातात की संक्रांतीच्या लाडवांचे शेंगदाणे आमच्याकडे आता गच्चीवरच भाजतील. थंडीत मात्र त्यालाही आरसा हवा. फोडणी आणि पोळी यात होत नाही, कोणी होते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. इंदूरजवळच्या सनावदिया गावात जे सोलर स्वयंपाकघर बघायला लोक जातात ते मोठ्या डिशचं, ऊन एका जागी गोळा करणारं, त्याचा आणि या पेटीचा काही संबंध नाही.

तक्रार आहे ती गॅस्केटची. एप्रिलच्या सुरुवातीला वेळ उगाच वाढायला लागला, दोन सव्वादोनचं काम तीन तासांवर. ऊन तर चढत होतं. पुन्हा रिकाम्या पेटीची चाचणी केली तर ३४ अंशांत आकडा १२८ ला अडकला, म्हणजे ०.१२ चं ०.१०४ झालं. इथे ही चाचणी उपयोगी पडते, कारण रिकाम्या पेटीतच दोष दिसला म्हणजे डबे, झाकणं, पाणी यांचा प्रश्न नाही, ऊन कमी येतंय किंवा गळती वाढलीये. आधी काचांच्या मधली धूळ साफ केली, आकडा तीन-चार अंशच वर आला. मग अगरबत्ती झाकणाच्या कडेने फिरवली, मागच्या बिजागरीजवळ धूर सरळ आत ओढला गेला. रबर तिथे चपटं होऊन कडक झालं होतं. विकणाऱ्याने "वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. दारांना लावतात ती सिलिकॉनची पट्टी आणून बसवली, दीडशे रुपयांच्या आत, आणि आकडा १३८ झाला.

आता पाऊस जवळ आलाय. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांखाली ही पेटी काहीच कामाची नाही, आणि गच्चीवर राहिली तर काचेची लोकर ओली होते, ओली लोकर उष्णता अडवत नाही. म्हणून ती आत, कोरड्या खोलीत जाणार. ऑक्टोबरच्या पहिल्या स्वच्छ दुपारी पुन्हा रिकामी ठेवून मोजीन, हवेपेक्षा किती चढली त्याला उन्हाने भागीन, आणि आकडा ०.११ च्या खाली आला तर डबे नंतर, आधी तळाचं पॅनल उघडून लोकर बघायची.