लेबल की फोल्डर : अर्काइव्ह केलेला मेल जातो कुठे?

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सगळा पत्रव्यवहार गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. तो आधी मी लेबलांवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये सांभाळला आणि आता फोल्डरांवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सांभाळतो. दोहोंपैकी कोणते घ्यावे, असे मला अधूनमधून विचारले जाते. रोजच्या वापरात दोघांत फारसे अंतर जाणवत नाही. मेल दोन्हीकडे वेळेवर येतात, शोधही दोन्हीकडे बरा चालतो. खरा फरक कळतो तो वाचून झालेला मेल बाजूला ठेवण्यासाठी ‘अर्काइव्ह’ दाबल्यावर, आणि तोही लगेच नाही, तर काही महिन्यांनी तोच मेल पुन्हा हवा असतो तेव्हा.

लेबलांच्या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे २००४ साली आलेले जीमेल. तेथे आलेला प्रत्येक मेल एकाच मोठ्या साठ्यात असतो आणि त्याला चिठ्ठ्या डकवलेल्या असतात. आपण ज्याला इनबॉक्स म्हणतो, तीसुद्धा अशीच एक चिठ्ठी आहे. अर्काइव्ह करणे म्हणजे केवळ ती चिठ्ठी काढून टाकणे. मेल कोठेही हलत नाही. त्याला दुसरे एखादे लेबल असेल तर तो त्या लेबलाखाली दिसत राहतो. नसेल तर तो फक्त `All Mail` मध्ये, इतर हजारो मेलांच्या गर्दीत उरतो. तेथे ‘अर्काइव्ह’ नावाची जागा नाही, म्हणून ती शोधणाऱ्याला ती सापडत नाही. थंडरबर्ड किंवा आउटलुक हे संगणकावरचे मेल-प्रोग्रॅम फोल्डर-पद्धतीच्या खात्यावर वापरले, तर तेच बटण मेल उचलून अर्काइव्हच्या खऱ्याखुऱ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. मेल इनबॉक्समधून जातो, पण कोठे गेला ते डाव्या बाजूच्या यादीत दिसते.

एवढ्या फरकाने काय बिघडते, असे मलाही वाटत असे. मग लिफ्टच्या देखभाल कराराचा प्रसंग घडला. तेव्हा संस्थेचे खाते जीमेलवर होते, आणि तेच खाते मी लॅपटॉपवर थंडरबर्डमधून पाहत असे. मे महिन्यात कंत्राटदाराचे दरपत्रक मेलने आले, वर्षाला ६२,००० रुपयांचे. मी त्याला ‘लिफ्ट’ असे लेबल लावले. घासाघीस झाल्यावर जूनमध्ये त्याच मेलला उत्तर म्हणून ५४,५०० रुपयांचे सुधारित दरपत्रक आले. ते मी बसमध्ये फोनवर वाचले, बोटाने बाजूला सरकवले आणि ते अर्काइव्ह झाले. पुढे समितीच्या सभेपूर्वी लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये ‘लिफ्ट’ फोल्डर उघडला तेव्हा त्यात मे महिन्याचे एकच दरपत्रक होते. इनबॉक्समध्ये काही नव्हते, कचऱ्याच्या फोल्डरमध्येही नव्हते. मी ६२,००० हाच आकडा टिपणात घातला. सभेत अध्यक्षांनी शांतपणे विचारले, “अहो, दर कमी करून घेतला होता ना तुम्ही?” मी फोन काढला, तर त्याच संवादात, सर्वांत खाली, सुधारित दरपत्रक व्यवस्थित होते.

याची कारणे दोन होती आणि दोन्ही कळून घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, जीमेलमध्ये आपण संवादाला लेबल लावतो तेव्हा ते त्या क्षणापर्यंत आलेल्या मेलांनाच लागते. नंतर आलेल्या उत्तराला ते आपोआप लागत नाही. फोनवर आणि वेबवर हे कळत नाही, कारण तेथे संपूर्ण संवाद एकत्र दाखवला जातो आणि एका मेलाचे लेबल साऱ्या संवादाचे असल्यासारखे भासते. थंडरबर्ड मात्र आयमॅपद्वारे, म्हणजे सर्व्हरवरचे मेल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहण्याच्या पद्धतीने, एकेक मेल स्वतंत्रपणे घेतो. लेबल हे त्याच्या लेखी फोल्डर असते आणि ज्या मेलाला लेबल नाही, तो त्या फोल्डरमध्ये नाही. माझ्या जूनच्या मेलाला ‘लिफ्ट’ हे लेबल कधी लागलेच नव्हते, आणि अर्काइव्ह करताना इनबॉक्सचेही निघून गेले होते.

तरीही तो `All Mail` मध्ये दिसायला हवा होता. तो तेथेही नव्हता, कारण तो फोल्डरच मी लपवला होता. हे दुसरे कारण. लेबल असलेला प्रत्येक मेल आयमॅपमधून दोनदा दिसतो, एकदा त्याच्या लेबलाच्या फोल्डरमध्ये आणि एकदा `All Mail` मध्ये. सगळे फोल्डर लॅपटॉपवर उतरवून ठेवायचे म्हटले तर जागाही दुप्पट लागते. ते टाळण्यासाठी मी जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलांच्या पानावर जाऊन `All Mail` समोरची `Show in IMAP` ही खूण काढली होती. त्या वेळी तो शहाणपणाच वाटला. पण त्यामुळे लेबल नसलेल्या अर्काइव्ह मेलाला थंडरबर्डमध्ये दिसण्यासाठी एकही जागा उरली नाही.

मेल खरोखर पुसला गेला आहे की नुसताच दिसेनासा झाला आहे, हे ओळखायचे तर लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून वेबवर शोधावे. तेथला साधा शोध अर्काइव्ह केलेले मेलही तपासतो. फक्त स्पॅम आणि कचरा वगळतो. मेल सापडला आणि उघडल्यावर विषयाशेजारी `Inbox` ही पट्टी नसली, तर तो अर्काइव्ह झालेला आहे. विषय किंवा पाठवणारा आठवत नसेल, तर मी असा शोध घेतो:

```
has:nouserlabels -in:inbox has:attachment after:2023/06/01 before:2023/07/01
```

जून महिन्यात आलेले, जोडपत्र असलेले, आपण कोणतेही लेबल न लावलेले आणि इनबॉक्समध्ये नसलेले मेल द्या, असा याचा अर्थ. एवढ्यानेही मेल मिळाला नाही, तर `in:anywhere` लिहून स्पॅम आणि कचराही धुंडाळावा. मात्र कचऱ्यातले मेल ३० दिवसांनी कायमचे जातात, तेव्हा हा शोध वेळीच घ्यावा.

लेबलांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. लिफ्टचे बिल मला ‘लिफ्ट’ आणि ‘लेखापरीक्षण’ अशा दोन्ही ठिकाणी हवे असते. लेबलांमध्ये मेल एकच राहतो आणि चिठ्ठ्या दोन लागतात. फोल्डरांमध्ये त्याची दुसरी प्रत करावी लागते, मग त्या दोन प्रतींचा एकमेकींशी काही संबंध राहत नाही. त्याहून मोठी सोय म्हणजे, अर्काइव्ह केलेल्या संवादाला नवे उत्तर आले की सारा संवाद पुन्हा इनबॉक्समध्ये येतो, आपण पाठवलेल्या उत्तरांसह. फोल्डरांच्या पद्धतीत नवे उत्तर एकटेच इनबॉक्समध्ये उभे राहते आणि त्याचा मागचा पुढचा भाग दुसरीकडे असतो. ज्यांचे बहुतेक काम फोनवर आणि वेबवरच चालते, जे मेल जागेने नव्हे तर शब्दाने शोधतात, त्यांना लेबलांची पद्धत सोडण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

फोल्डरांमध्येही मेल हरवू शकतो. थंडरबर्डमध्ये अर्काइव्हची जागा म्हणून त्याच संगणकावरचे स्थानिक फोल्डर निवडले असतील, तर अर्काइव्ह करताक्षणी मेल सर्व्हरवरून निघून त्या एका यंत्रावर जातो आणि फोनवर तो दिसत नाही. आउटलुकमध्ये अर्काइव्हचे बटण वेगळे आणि `AutoArchive` वेगळे. `AutoArchive` जुने मेल संगणकावरच्या एका `.pst` फाइलमध्ये नेऊन ठेवते. ती डिस्क बिघडली, तर ही मंडळी खरोखरच गेली. तेव्हा फोल्डर घेणाऱ्याने अर्काइव्हचा फोल्डर सर्व्हरवरच आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. मात्र येथे चुकीची जागा तरी असते. ती तपासता येते आणि दुरुस्तही करता येते.

माझे पारडे याच मुद्द्यावर झुकले. संस्थेचे काम असे आहे की काय शोधायचे हे पुष्कळदा ठाऊकच नसते. लेखापरीक्षक त्या तिमाहीत काय काय आले ते विचारतात, आणि त्याचे उत्तर एका शब्दाच्या शोधात मिळत नाही. ते फोल्डर उघडून वरपासून खालपर्यंत वाचत गेल्यावर मिळते. लेबलांच्या पद्धतीत असे वाचत जाण्यासाठी प्रत्येक मेलाला लेबल लावण्याची शिस्त हवी, आणि माझा अनुभव असा की ती शिस्त फोनवर, घाईत, सर्वांत आधी सुटते. प्रत्येकाची सवय निराळी असते, त्यामुळे इतरांचा निर्णय वेगळा होऊ शकतो, हे मला मान्य आहे.

लेबलांवरच राहायचे असेल, तर फोनवरच्या जीमेलमध्ये एक बदल जरूर करावा. सेटिंगमधील `Swipe actions` मध्ये अर्काइव्हऐवजी `Move to` निवडावे. मग बोटाने मेल सरकवला की अ‍ॅप लेबल विचारते, ते लावते आणि त्याच वेळी इनबॉक्सची चिठ्ठी काढते. बोटाने सरकवून लेबलाविना अर्काइव्ह होण्याचा रस्ताच बंद होतो. आणि लॅपटॉपवर आयमॅपने मेल पाहत असाल, तर `All Mail` लपवू नये. जागेची अडचण असेल, तर तो फोल्डर दिसू द्यावा, पण ऑफलाइन उतरवण्याच्या यादीतून तेवढा वगळावा.

मी स्वतः आता संस्थेचे खाते फोल्डर-पद्धतीच्या सर्व्हरवर नेले आहे आणि थंडरबर्ड वापरतो. काम झाले की `A` ही कळ दाबतो. सुरुवातीला अर्काइव्हमध्ये वर्षाचे फोल्डर तयार होत होते, पण ते जानेवारी ते डिसेंबर असतात आणि आमचे हिशेब एप्रिल ते मार्च चालतात, म्हणून दर लेखापरीक्षणाला दोन फोल्डर चाळावे लागत. खात्याच्या सेटिंगमध्ये `Copies & Folders` खाली अर्काइव्हचे पर्याय आहेत, तेथे मी महिनावार फोल्डर निवडले. थंडरबर्ड मेल कोणत्या दिवशी अर्काइव्ह केला हे पाहत नाही, तर मेलावरची तारीख पाहतो. त्यामुळे आज हातावेगळे केलेले जूनचे दरपत्रकही `2023-06` मध्येच जाऊन बसते, आणि लेखापरीक्षकांनी पहिली तिमाही मागितली की मी एप्रिल, मे आणि जून असे तीन फोल्डर त्यांच्यासमोर उघडतो.